पुढच्या वर्षीचा आकडा पहिल्या चार ओळींत

ताई, नमस्कार. मी विश्रामबागेत राहतो. किराणा, हार्डवेअर आणि मार्केट यार्डातल्या दुकानांना बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर देतो. आम्ही तिघंच आहोत. एका काउंटरला वर्षाचे १२,००० रुपये आणि वर जीएसटी. गेल्या मार्चात ३० टक्के सूट काढली, ५२ नवीन दुकानं आली. आता फेब्रुवारीत नूतनीकरणाचे फोन सुरू केले, तर निम्मे मालक म्हणतात, ‘फसवलं तुम्ही.’ पुढच्या वर्षी पूर्ण दर लागणार हे लिंकवरच्या अटींत स्पष्ट होतं, पण लिंक कुणी उघडलीच नाही. यंदाही मार्चची ऑफर काढायची आहे. मेसेज असा केलाय : ‘वर्षअखेर धमाका! ३०% पर्यंत सूट! १२,००० चं सॉफ्टवेअर फक्त ८,४००* मध्ये! ऑफर मर्यादित काळासाठी. आजच संपर्क करा. *नियम व अटी लागू.’ मालकांना वाचायला वेळ नसतो. मग अटी लिहून उपयोग काय? आणि लिहायच्या तर कशा?
— एक सॉफ्टवेअरवाला, सांगली

तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी तुमचा मेसेज फोनवर उघडून मी गणपती पेठेत गेले. तिथं आमच्या ओळखीचे एक हार्डवेअरवाले काका आहेत. काउंटरवर बिजागऱ्यांचा ढीग होता, दोन-दोनच्या जोड्या लावून ते डझन मोजत होते. ‘जरा हे वाचा,’ म्हणून फोन पुढं केला. चष्मा कपाळावरून नाकावर आला, अंगठा एकदा वर सरकला, चष्मा परत कपाळावर. फोन परत घेऊन मी तीन गोष्टी विचारल्या.

‘आज किती भरायचे?’
‘आठ हजार चारशे.’
‘आणि पुढच्या वर्षी?’
‘तेवढंच की. का, वाढतंय काय?’
‘कधीपर्यंत भरायचे?’
‘वर्षअखेर म्हणजे डिसेंबर न्हवं? मग ही जुनीच जाहिरात असंल.’

तिन्ही उत्तरं चुकली. आणि काकांनी मेसेज वाचला नव्हता असं नाही. वाचला होता, आकडेही लक्षात ठेवले होते. जे लिहिलं होतं तेच त्यांनी सांगितलं. आज भरायची रक्कम ८,४०० नाहीच. १८ टक्के जीएसटीचे १,५१२ धरून ती ९,९१२ होते. पुढच्या वर्षीचा आकडा मेसेजमध्ये कुठंच नाही. आणि ‘वर्षअखेर’ या शब्दाचे आपल्या बाजारात तीन अर्थ होतात. कुणाचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, कुणाचं ३१ मार्चला, आणि पेठेतल्या जुन्या पेढ्यांवर तर अजून दिवाळीच्या पाडव्याला नवी वही उघडते. त्या जागी ‘३१ मार्च’ असं लिहा.

म्हणजे मालक वाचतात. फक्त तीनच गोष्टी वाचतात : आज किती, पुढं किती, कधी. पुढच्या वर्षीचा दर तुम्ही ‘अटी’ म्हणून धरला आणि चांदणी लावून खाली ढकलला, घोटाळा तिथं झाला. दुकानदाराच्या लेखी तो भावच आहे. यार्डात कुणी ‘आज पोत्याचा भाव इतका’ म्हणून सांगितलं आणि तोलाईचं नंतर काढलं, तर त्याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

आता त्या ३० टक्क्यांचा हिशोब बघा. तुमच्या बाजूनं बघितलं तर १२,००० चे ८,४०० केले, म्हणजे ३० टक्के सोडले. दुकानदाराच्या बाजूनं बघितलं तर तो गेल्या वर्षी ९,९१२ देऊन बसलाय. यंदा त्याच कामाचे १४,१६० मागितले. फरक ४,२४८ रुपयांचा, आणि ९,९१२ वर तो जवळजवळ ४३ टक्के पडतो. सूट देताना ३० असलेला आकडा परत चढवताना ४३ होतो, कारण खालचा पाया लहान झालेला असतो. जितकी खोल सूट, तितकी पुढची पायरी उंच. निम्म्या किमतीत दिलं असतं तर दुसऱ्या वर्षी सरळ दुप्पट मागावे लागले असते. तुमच्या ५२ जणांना गेल्या मार्चची सूट आता आठवत नाही. त्यांना यंदाची दरवाढ दिसते. तुमची नियत खोटी नव्हती, पण हिशोबाचा आकारच असा होता की तो फसवणुकीसारखा दिसणार.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, की टक्के सोडून द्या आणि महिने द्या. बारा महिन्यांच्या पैशात पंधरा महिने. १ एप्रिलला सुरू केलं तर मुदत पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत. भरायचे १४,१६०, जीएसटीसकट. मुदत संपली की पुढच्या बारा महिन्यांचेही १४,१६०. आज आणि पुढं आकडा एकच. मग नूतनीकरणाची अट वेगळी समजावून सांगावीच लागत नाही, कारण ती दुकानदाराच्या पासबुकातच लिहिलेली असते.

तुम्ही म्हणाल, ९,९१२ ऐवजी १४,१६० एकदम मागितले तर नवीन माणूस मागं फिरेल. काही फिरतील, खरं आहे. पण तुमच्या खात्याकडून बघा. जीएसटी बाजूला ठेवला तर गेल्या वर्षीच्या सुटीत तुम्हाला महिन्याला ७०० पडले. पंधरा महिन्यांच्या हिशोबात ८०० पडतात. आणि समजा ५२ च्या जागी ३५ च दुकानं आली, तर ३५ गुणिले १२,००० म्हणजे चार लाख वीस हजार. गेल्या वर्षी ५२ गुणिले ८,४०० मिळून चार लाख छत्तीस हजार आठशे आले होते. सतरा दुकानं कमी आणि फरक १६,८०० चा. त्या सतरा दुकानांची बारकोड मशीन चालेना, प्रिंटर कागद ओढेना, या तक्रारींसाठी तुम्ही तिघंच जत-कवठेमहांकाळपर्यंत गाडी मारता ना? तो खर्च यात धरलेलाच नाही.

महिने देण्यात आणखी एक फायदा आहे, जो मला स्वतःला सुटीपेक्षा मोठा वाटतो. मुदत मार्चातून निघून जूनच्या अखेरीस जाते. मार्चात यार्डात नवीन हळदीची आवक असते, तिकडं तासगावच्या बाजूला बेदाण्याची धांदल असते, आणि सगळ्यांच्याच डोक्यावर कर सल्लागाराचे फोन. शिवाय १ एप्रिलला बिलांचे क्रमांक नव्यानं सुरू करायचे असतात. त्याच आठवड्यात तुमचं नूतनीकरण उभं राहिलं तर चांगला माणूसही चिडतो. एकच अपवाद करा. कृषी सेवा केंद्रवाल्यांना जूनअखेर देऊ नका, तेव्हा त्यांच्या दारात खतासाठी रांग असते. त्यांना सोळा महिने द्या आणि ३१ जुलै धरा. एका महिन्यानं तुमचं काही जात नाही.

आता पैसे कापण्याबद्दल. पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत, पण ५२ पैकी बऱ्याच जणांना तुम्ही ऑटोपे लावून दिलं असणार, कारण हल्ली पैसे घेणारी बहुतेक यंत्रणा तेच पुढं करते. यात एक खड्डा आहे आणि तो बरोबर तुमच्या दरापाशी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं कार्डावरून किंवा यूपीआयवरून आपोआप कापायची रक्कम १५,००० पर्यंत असेल तर दर वेळी ओटीपी किंवा पिन लागत नाही. कापण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला कळवायचं, एवढंच. त्यावर गेली तर मालकाला स्वतः मंजुरी द्यावी लागते.

एका काउंटरचे १४,१६०. म्हणजे गुपचूप कापले जातात. दोन काउंटरवाल्याला तुम्ही ३,००० जास्त लावता असं धरलं, तर १५,००० वर जीएसटी लागून १७,७०० होतात. तिथं मंजुरीची विनंती मालकाच्या फोनवर जाते, तो सौद्यात असतो, ती तशीच पडून राहते आणि पैसे भरलेच जात नाहीत. परिणामी लहान दुकानदार भांडतो की न विचारता पैसे गेले, आणि मोठा दुकानदार १ एप्रिलला सकाळी गिऱ्हाईक समोर उभं असताना फोन करतो की बिल निघत नाही. तुमच्याकडं आलेल्या तक्रारी या दोन ढिगांत वाटून बघा. माझा अंदाज आहे की निम्म्याहून जास्त इथंच बसतील.

आणखी एक बारीक गोष्ट. ऑटोपे लावताना एक कमाल रक्कम ठरलेली असते. ती पहिल्या वर्षीच्या ९,९१२ चीच ठेवली असेल, तर दुसऱ्या वर्षी १४,१६० कापले जाणारच नाहीत. आणि ती आधीच १५,००० ठेवली असेल, तर ९,९१२ भरायला बसलेल्या माणसाला स्क्रीनवर १५,००० दिसतात आणि तो तिथूनच उठतो. दोन्ही वर्षांची रक्कम एकच असली की हा गुंता होत नाही.

त्या चोवीस तास आधीच्या सूचनेवर भिस्त ठेवू नका. आमचं मिरजेला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं, तेव्हा एका कंपनीचं स्टॉकचं सॉफ्टवेअर आम्ही असंच सुटीत घेतलं होतं. दुसऱ्या वर्षी पूर्ण दरानं पैसे गेले. आम्हाला कळलं तीन आठवड्यांनी, बँकेचा उतारा मांडायला बसलो तेव्हा. फोन केला तर पलीकडून उत्तर : ‘तुम्ही टिक केलंय, मॅडम.’ नंतर शोधलं तर सूचना खरंच आली होती, कर्जाच्या जाहिराती आणि ओटीपींच्या गर्दीत. कायद्यानं ते बरोबर होते. आम्ही वर्ष पुरं होताच सोडलं, आणि माझ्या भावानं ती गोष्ट मिरज स्टेशनपासून कुपवाडच्या एमआयडीसीपर्यंत भेटेल त्याला सांगितली. अजून सांगतो.

वर्षातून एकदाच येणाऱ्या बिलाला तुमच्यासारख्यानं ऑटोपे लावूच नये, असं माझं मत. पाचशे गिऱ्हाइकं असती तर वेगळं बोलले असते. पन्नास-शंभर जणांना मुदतीच्या तीस दिवस आधी बिल पाठवायचं, दहा दिवस आधी एक फोन करायचा, एवढं काम एक मुलगा दोन दिवसांत करतो. कुणी स्वतःहून मागितलं तर लावून द्या. पण न मागता लावलेलं ऑटोपे आणि बंद करायला सतरा ठिकाणी फिरवणं, याला आता सरकारी नावही आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं फसव्या रचनांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत तेरा प्रकार दिलेत. वर्गणीचा सापळा हा एक, खोटी घाई हा दुसरा, आणि किमतीचा एकेक तुकडा नंतर काढत जाणं हा तिसरा. तुमचा मेसेज परत वाचा. ‘मर्यादित काळासाठी’ आणि चांदणीवाले ८,४००, दोघंही त्या यादीच्या कुंपणावर बसलेत.

पैसे भरले नाहीत तर काय होतं, हे कुणी लिहीत नाही आणि दुकानदाराच्या मनात तेच असतं. जीएसटीच्या कायद्यानं हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. तुमचं सॉफ्टवेअर मुदत संपताच पूर्ण कुलूपबंद होत असेल, तर त्या माणसाची सहा वर्षांची बिलं तुमच्याकडं ओलीस राहिली. तेव्हा आधी रचना बदला. मुदत संपल्यावर पंधरा दिवस सगळं चालू. त्यानंतर नवीन बिल निघणार नाही, पण जुनी बिलं बघता येतील, छापता येतील, एक्सेलमध्ये काढून घेता येतील, कितीही दिवसांनी. हे झालं की एका ओळीत लिहा. मी दुकानदार असते तर सुटीपेक्षा या ओळीवर पैसे भरले असते.

आता मेसेज. व्हॉट्सॲपवर मेसेज लांबला की खाली ‘Read more’ येतं. ते दाबणारा माणूस आधीच तुमच्या बाजूचा असतो, म्हणून पैशाचं सगळं त्याच्या वर राहिलं पाहिजे. न उघडता वरवर दिसते ती तर एकदीड ओळ. तिथं ‘धमाका’ लिहून जागा वाया घालवू नका. पेठेत धमाका फक्त फटाक्यांच्या दुकानात चालतो. मी असा लिहिला :

‘नमस्कार. बिलिंग सॉफ्टवेअर, १ काउंटर : १२ महिन्यांच्या पैशात १५ महिने.
आज भरायचे : १४,१६० रुपये, जीएसटी धरून.
मुदत : १ एप्रिल ते पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत.
त्यानंतर दर वर्षी : १४,१६० रुपये, जीएसटी धरून. दर बदलणार असेल तर ६० दिवस आधी लिहून कळवू.
पैसे आपोआप कापले जात नाहीत. मुदतीच्या ३० दिवस आधी बिल येईल, पटलं तर भरा.
नाही भरलं तर १५ दिवस सगळं चालू. मग नवीन बिल बंद, जुनी बिलं कायम बघता-छापता येतील.
ही सवलत ३१ मार्च, रात्री ८ पर्यंत भरणाऱ्यांना. घ्यायचं असेल तर “हो” आणि जीएसटी नंबर पाठवा.’

जीएसटी धरूनचा आकडा लिहिलाय त्याला कारण आहे. नेहमीच्या नोंदणीतला व्यापारी ते २,१६० क्रेडिट म्हणून परत धरतो, त्याचा खरा खर्च १२,००० च. पण कंपोझिशनमधल्या किराणावाल्याला क्रेडिट मिळत नाही, त्याच्या खिशातून पूर्ण १४,१६० जातात. मेसेज एकच जाणार आहे, तर मोठा आकडा लिहावा. ज्याला कमी पडतं तो खूश होतो, उलट झालं तर भांडण. नंबर आधीच मागितलाय तो याचसाठी. मार्चचं बिल नंबराविना गेलं की एप्रिलभर दुरुस्तीचे फोन येतात.

‘हो’ एवढंच उत्तर मागितलंय, कारण एका हातात कात्री किंवा माप असलेल्या माणसाला दुसऱ्या हातानं तेवढंच लिहिता येतं. अर्ज भरायला लावलात तर तो ‘संध्याकाळी बघू’ म्हणेल आणि ती संध्याकाळ येत नाही.

तारीख लिहिली की पाळायची. ३ एप्रिलला कुणीतरी ओळखीचा फोन करेल, ‘आपलंच दुकान समजा, द्या की त्यात.’ नाही म्हणा. एकाला दिलंत की यार्डातल्या चहाच्या टपरीवर दुपारपर्यंत सगळ्यांना कळतं, आणि ३१ तारखेला धावत येऊन भरणारा मूर्ख ठरतो. पुढच्या वर्षी मग तुमच्या तारखेला कुणी विचारत नाही. मेसेजही मार्चच्या पहिल्या आठवड्यात पाठवा, दुपारी जेवणानंतर, सौदे उरकल्यावर. २८ तारखेला पाठवलेला मेसेज मार्चअखेरच्या धांदलीत वाचलाच जाणार नाही.

राहिले ते ५२ जण. त्यांची मुदत याच ३१ मार्चला संपते. त्यांना पूर्ण दर आणि नवीन लोकांना सवलत, असं चुकूनही करू नका. तोच मेसेज त्यांनाही जाऊ द्या, वर दोन ओळी घालून : ‘गेल्या वर्षी पुढचा दर आम्ही मेसेजमध्ये लिहायला हवा होता, लिहिला नाही. ती आमची चूक.’ गेल्या वर्षी त्यांना महिना ८२६ पडला, जीएसटीसकट. सरळ पूर्ण दर लावलात तर १,१८० पडतो, म्हणजे ३५४ ची वाढ. पंधरा महिन्यांच्या हिशोबात ९४४ पडतो, वाढ ११८. ११८ रुपये हा एका माणसाच्या चहापाण्याचा खर्च आहे, त्यावर दुकानदार कुरकुर करतो पण सोडून जात नाही. काही जण तरीही जातील. त्यांची एक्सेल फाइल न मागता पाठवून द्या. आणि ज्यांचं ऑटोपे लावलेलं आहे ते मार्च उजाडायच्या आत तुमच्या बाजूनं बंद करा, नाहीतर ही सगळी गोड भाषा गेल्यावर पैसे आपोआप कापले जातील आणि पत्रात लिहिलेला ‘फसवलं’ हा शब्द या खेपेला खरा ठरेल.

दर बदलणार असेल तर ६० दिवस आधी कळवण्याचं लिहिलंय, ते तुम्हाला जमणार असेल तरच ठेवा. जमणार नसेल तर ३० लिहा. न पाळलेल्या ६० पेक्षा पाळलेले ३० बरे.

नवीन मेसेज घेऊन काल परत काकांकडं गेले. या वेळी ते नळाच्या तोट्या खोक्यात भरत होते. वाचायला आधीपेक्षा दुप्पट वेळ लागला, कारण ओळी जास्त आहेत, हे कबूल करते. फोन परत घेऊन तेच तीन प्रश्न विचारले. ‘चौदा हजार एकशेसाठ. पुढंबी तेवढेच. एकतीस मार्चला रात्री आठ.’ मग तोटी हातात तशीच धरून ते भिंतीकडं बघायला लागले. त्या भिंतीवर २०१९ च्या पुराची रेघ आहे, माझ्या खांद्याच्या वर. रंग दिला तरी ती त्यांनी मुद्दाम ठेवलीय.

‘पानी आलं, कंप्युटर गेला, तर नव्यावर परत पैसे भरायचे काय?’

मला सांगता आलं नाही. तुम्हाला येईल. कृष्णेकाठच्या गिऱ्हाइकाला मेसेज पाठवताय तर ती ओळ ‘जुनी बिलं’च्या खाली घाला : नवीन संगणकावर परत बसवून देण्याचे किती, आणि डेटाची प्रत कुठं असते. फुकट असेल तर ‘फुकट’ लिहा. पैसे असतील तर आकडा लिहा.